समासातली ओळ

"...मग पुढची ओळ कुठं आहे, गुरुजी? मला फक्त पर्व आणि अध्याय सांगा. बाकी माझं मी बघतो."

हेरंब कुलथे अजून चपलाही न काढता अंगणाच्या कडेला उभा होता. बाहेर त्याची पांढरी गाडी उभी होती, चालू इंजिनासकट.

गुरुजींनी वर पाहिलं नाही. ते पोथ्यांना ऊन देत होते.

प्रवरेच्या काठच्या या मठात दसऱ्याच्या आधी चार दिवस पोथ्या उन्हात टाकतात. रुमाल सोडायचा, लाकडी फळ्या बाजूला ठेवायच्या, सुटी पानं ओळीनं सतरंजीवर मांडायची आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला बसून राहायचं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे बसून राहायचं काम माझ्याकडे आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं सांभाळली, आता मेलेल्यांची सांभाळतो. त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर घडलं.

"चपला काढ," गुरुजी म्हणाले.

हेरंबनं चपला काढल्या. परत जाऊन गाडी बंद केली.

हा हेरंब म्हणजे गुरुजींकडे आठ वर्षं राहिलेला शिष्य. इथंच शिकला, इथंच जेवला. आवाज सुरेख आणि पाठांतर पक्कं. पाच वर्षांपूर्वी प्रवचनं करायला बाहेर पडला आणि बघता बघता 'महाराज' झाला. खांद्यावर भरजरी उपरणं आलं. गावोगावच्या फलकांवर त्याचा फोटो देवापेक्षा मोठा असतो, हे मी स्वतः पाहिलंय. मला तो आवडत नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्या दिवशी त्याचं तोंड पाहिलं आणि बोलायचं ते राहून गेलं.

"कोणती ओळ?" गुरुजींनी विचारलं.

"अहिंसा परमो धर्मः. त्याची पुढची. धर्महिंसा तथैव च."

"म्हणजे काय?"

"तुम्ही मला विचारताय?"

"विचारतोय."

"अहिंसा हा सर्वश्रेष्ठ धर्म आहे, आणि धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच श्रेष्ठ आहे."

"कुठं लिहिलंय?"

"तेच तर मी तुम्हाला विचारायला आलोय..."

गुरुजींनी एक पान उलटं केलं. त्याला ऊन लागू दिलं. मग म्हणाले, "बस. काय झालं ते सांग."

हेरंब बसला. आणि मग त्या सुरेख आवाजातून तुटक तुटक काहीतरी बाहेर येऊ लागलं.

खडकवाकीला देवीची जत्रा होती. जत्रेत त्याचं तीन दिवसांचं प्रवचन होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं हा श्लोक घेतला. लोकांना सांगितलं, की आपल्याला अर्धाच श्लोक शिकवला गेला, पुढचा अर्धा लपवला गेला, म्हणून आपण मेंढरं झालो. टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. रात्री त्यांनी त्याला गाडीपर्यंत खांद्यावरून नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सहा पोरांना पारावर एक माणूस भेटला. रखमाजी तांबट. गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करणारा, पितळ उजळून देणारा. त्याच्या पिशवीत देवीचा पितळी मुखवटा सापडला.

"चोरला होता?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. पुजाऱ्यानंच उजळायला दिला होता. पुजारी सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेला होता. संध्याकाळी आला, तेव्हा त्यानं सांगितलं."

"आणि रखमाजी काय म्हणाला होता?"

"तो हेच सांगत होता..."

हेरंब थांबला. मी पान धरून बसलो होतो, वारा नसतानाही.

"उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल. पण बोटं मिटतील असं वाटत नाही. मी काल दवाखान्यात गेलो होतो, गुरुजी. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं एवढंच विचारलं... म्हाराज, पोरं म्हणत होती की तुमी सांगितलं. तुमी म्हणता ते कुठं लिव्हलंय तेवढं दाखवा. लिव्हलं आसंल तर माझं काही म्हणणं न्हाई."

हेरंबनं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी त्याला शब्द दिलाय. आज दुपारी आणून दाखवतो म्हणालो."

गुरुजी उठले. आत गेले. येताना दोन्ही हातांत जाड छापील ग्रंथ होते. आणखी दोन फेऱ्या केल्या. मी उठायला लागलो तर डोळ्यांनीच बसवलं.

"ही चरणांची सूची," त्यांनी पहिला ग्रंथ हेरंबसमोर ठेवला. "सबंध महाभारतातला प्रत्येक चरण अकारविल्ह्यानं लावलाय. 'ध' काढ."

हेरंबनं काढलं. बोट खाली खाली सरकत गेलं. धर्म या शब्दानं सुरू होणारे चरण पानंच्या पानं होते. तो दोनदा वाचून गेला. तिसऱ्यांदा अक्षर न् अक्षर लावून.

"नाही," तो म्हणाला.

"आता 'अ' काढ."

तिथं ओळ होती. एकदा सोडून अनेकदा. पुढं पर्वांचे नि अध्यायांचे आकडे.

"म्हणजे पहिली अर्धी आहे, दुसरी नाही," हेरंब म्हणाला. "पण ही सूची एका छापील प्रतीची. दुसऱ्या पोथ्यांत असेल."

"ही प्रत कशी केली, माहीत आहे?"

"पंडितांनी देशभरच्या पोथ्या ताडून केली."

"काश्मीरची पोथी, बंगालची, मलबारची. ज्या ओळी काहीच पोथ्यांत सापडल्या, त्या खाली तळटीपेत दिल्या. फेकल्या नाहीत. तळटीपा बघ."

हेरंबनं तासभर तळटीपा पाहिल्या. मधे गाडीतला फोन दोनदा वाजला, तो उठला नाही. मी तेवढ्यात अर्धी सतरंजी उलटवून घेतली.

"नाही," तो शेवटी म्हणाला.

"आता ओळ जिथं आहे तिथं जाऊ. मोठ्यानं वाच. आदिपर्व."

हेरंबनं वाचलं. त्यानं सांगितलेली गोष्ट मला कळली ती अशी. रुरू नावाच्या ब्राह्मणाची होणारी बायको साप चावून मेली. त्यानं स्वतःचं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवलं, आणि मग दिसेल तो साप काठीनं मारत सुटला. एक दिवस रानात एक म्हातारा दिवड दिसला. त्यानं काठी उगारली. दिवड म्हणाला, मी तुझं काय केलंय? माझ्यात तर विषही नाही.

"आणि मग तो म्हणतो, अहिंसा परमो धर्मः," हेरंब म्हणाला.

"कोण म्हणतो?"

"दिवड. साप."

"कोणाला?"

"काठी उगारणाऱ्याला..."

"त्या ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात काय आहे?"

हेरंबनं पाहिलं. "सर्व प्राण्यांसाठी, असं आहे. तेवढ्यानं ओळ भरते."

"म्हणजे जागा रिकामी आहे का?"

"नाही."

"वनपर्व काढ."

तिथं मिथिलेचा एक खाटीक होता. मांस विकणारा. तो एका गर्विष्ठ ब्राह्मणाला धर्म शिकवत होता. तिथं ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं, की हा धर्म सत्यावर उभा आहे.

"इथं जागा आहे?"

"नाही."

"अनुशासनपर्व."

तिथं भीष्म बाणांवर पडला होता आणि धर्मराजाला मांस खाण्याबद्दल सांगत होता. अहिंसा हाच परम धर्म, हाच परम संयम, हेच परम दान, हेच परम तप, असं एकामागून एक लांबत गेलं होतं.

"इथं?"

"इथंही नाही." हेरंबनं ग्रंथ मिटला. "म्हणजे ही अर्धी ओळ नव्हतीच कधी. पहिल्यापासून पुरी होती."

"तथैव च फार सोयीचं असतं," गुरुजी म्हणाले. "अहिंसा परमो धर्मः, मोदकश्च तथैव च. बघ, वृत्तात बसलं. म्हण आता प्रवचनात. गणेशोत्सवात टाळ्या पडतील."

मला हसू आलं. हेरंबला आलं नाही. गुरुजींच्याही चेहऱ्यावर नव्हतं, म्हणून मी ते गिळलं.

"पण गुरुजी," हेरंब एकदम पुढं सरकला. मघाचा दिवडाचा अध्याय त्यानं परत उघडला होता. "हे बघा. साप पुढं काय म्हणतो ते तुम्ही मला वाचू दिलं नाही. तो म्हणतो, ब्राह्मणानं कोणालाही मारू नये. क्षत्रियाचा धर्म तुला लागू नाही. दंड धरणं, उग्र होणं, प्रजेचं रक्षण करणं हे त्याचं काम. म्हणजे अट आहे. तिथंच आहे. चार ओळींनंतर."

"आहे."

"आणि खाटीक म्हणतो, नांगर धरला तरी जीव मरतात, चाललं तरी मरतात. कोण राहिलंय हिंसा न करता? असं तोच विचारतो. आणि तो दुकान बंद करत नाही."

"नाही करत."

"आणि भीष्म? अठरा दिवसांच्या युद्धात दहा दिवस सेनापती होता तो. त्यानं हे सांगायचं?"

"त्यानंच सांगितलंय."

"म्हणजे अट आहे."

"आहे."

"मग वचन अपुरं आहे."

"पुरं आहे."

हेरंब त्यांच्याकडे बघत राहिला. मीही. माझ्या डोक्याचा तर पार भुगा झाला. पोस्टात पत्ता पुरा तरी असतो नाही तर अपुरा, दोन्ही असलेलं पाकीट मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही.

"दोन्ही कसं असेल, गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "खडकवाकीच्या पोरांना दंड कोणी दिला होता हातात?"

"कोणी नाही."

"पुजारी परत येईपर्यंत थांबले होते?"

"नाही."

"आणि खरंच चोर असता तर?"

हेरंब बोलायला गेला.

"असता तर...?" तो म्हणाला. "असता तर मला इथं यावं लागलं नसतं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो लाल झाला. त्या क्षणी मला त्याची पहिल्यांदा कीव आली. माणूस हुशार होता, म्हणून स्वतःचं बोलणं लगेच ऐकू आलं त्याला.

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"पण मी ही ओळ मनानं रचली नाही," हेरंब अगदी हळू म्हणाला. "मी ती वाचलीय. डोळ्यांनी. मला पानसुद्धा आठवतंय."

"कुठं?"

"इथं. या मठात."

तो उठला आणि सतरंजीकडे गेला. आदिपर्वाच्या हस्तलिखित पोथीची पानं मी सकाळीच मांडली होती. हेरंब वाकून एकेक पान बघत गेला. हात लावत नव्हता, लहानपणची शिस्त. एका पानापाशी थांबला. बसला.

"हे घ्या," तो म्हणाला. आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. आनंद होता, पण त्याला स्वतःलाच तो नकोसा होता.

मी पाहिलं. पानाच्या मधोमध काळ्या शाईतला जुना मजकूर. दिवडाचं बोलणं. 'परमो धर्मः'च्या पुढं ओळीच्या वर एक बारीक खूण होती, कावळ्याच्या पायासारखी. आणि बाजूच्या कोऱ्या समासात लिहिलं होतं... धर्महिंसा तथैव च.

त्या खुणेला काकपद म्हणतात. नक्कल करताना लेखकाच्या हातून काही सुटलं, तर तो सुटलेल्या जागी काकपद घालतो आणि राहिलेलं समासात लिहितो. पुढं त्या पोथीवरून जो नक्कल करेल, तो समासातली ओळ उचलून आत घालतो. त्यात त्याची काही चूक नसते. खूणच तसं सांगते. वाचणाऱ्यानं नुसती आपल्या मनातली टीप लिहायची असेल, तर तो काकपद घालत नाही.

"म्हणजे आहे," हेरंब म्हणाला. "एका तरी पोथीत आहे. सुटलेली ओळ आहे. मी रखमाजीला हे दाखवू शकतो."

"शाई बघ," गुरुजी म्हणाले. ते जागचे हलले नव्हते.

हेरंबनं पाहिलं. मजकुराची शाई दाट काळी होती. समासातली निळसर, अलीकडची. दौत-टाकाची.

"अक्षर बघ."

हेरंब वाकला... आणि वाकलेलाच राहिला. आठ वर्षं त्याच अक्षरातले धडे त्यानं गिरवले होते. 'ध'ची गाठ मोकळी सोडायची ती ढब मीसुद्धा ओळखत होतो, मठाच्या पत्रांवर रोज बघत होतो.

"तुमचं आहे," तो म्हणाला.

"माझं आहे."

मला वाटलं आता काही समजावून सांगतील. गुरुजी उन्हात बसून राहिले. मग बोलले ते असं, की कालची गोष्ट असावी.

"मी तेव्हा तुझ्या वयाचा होतो. देवळातली समई घेऊन एक जण घाटावरून पळत होता. मी मागून गाठलं. हातात धुण्याचं दांडकं होतं... तो पायऱ्यांवरून खाली गेला. उठला, लंगडत नदी उतरून गेला. पुन्हा कोणाला दिसला नाही."

"खरंच चोर होता?"

"होता. समई त्याच्या हातातच होती."

"मग?"

"मग मला झोप येईना. श्लोक शोधायला लागलो. महिनाभर शोधला. सापडला नाही. पुढं एका सभेत कोणाच्या तरी तोंडून ही ओळ ऐकली. मठात येऊन लिहिली."

"पण काकपद?" हेरंबचा आवाज फुटला. "टीप म्हणून लिहायची होती. सुटलेली ओळ म्हणून का लिहिलीत?"

"टीप म्हणून लिहिली असती तर ती माझी राहिली असती."

हेरंब रडायला लागला. पोरासारखा नव्हे, उपरण्यात तोंड घालून. मला गुरुजींचा राग आला, हे लिहायला हरकत नाही. चाळीस वर्षं या माणसाच्या पायाशी बसून धर्म ऐकला, आणि निवृत्त झाल्यापासून हे पान दरवर्षी मीच उन्हात घालत होतो. एकदा वाचलं असतं तर... पण मी पोस्टातला माणूस, पाकीट फोडायची सवय नाही.

काही वेळानं हेरंब उठला आणि आत गेला. दगडी वाटी आणि कुंचला घेऊन आला. वाटीत पिवळा हरताळ होता. चुकीचं अक्षर पुसायला पोथीवर तो फासतात, वाळला की वरून काही दिसत नाही. मठात अजून वाटीभर ठेवलेला असतो.

त्यानं हरताळात पाणी घातलं. कुंचला भिजवला. समासातल्या ओळीवर धरला.

"ठेव खाली," गुरुजी म्हणाले.

"खोटं आहे, गुरुजी. आणखी कोणी वाचेल."

"ठेव. त्या माणसाला काय दाखवशील मग? कोरा समास?"

कुंचल्याचा एक थेंब सतरंजीवर पडला. हेरंबनं वाटी बाजूला ठेवली.

गुरुजींनी ते पान उचललं. या मठातून पोथीचं एकही सुटं पान आजवर उंबऱ्याबाहेर गेलेलं नाही. एकदा कोणी मोठे अधिकारी फोटो काढायला म्हणून मागत होते, तर गुरुजींनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. तेच पान त्यांनी दोन फळ्यांमधे घातलं, रुमालात बांधलं आणि काखेत धरलं.

"मास्तर," ते मला म्हणाले, "बाकीची झाकून ठेवा आणि चला."

वाटभर गुरुजींनी फळ्या काखेतून काढल्या नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात रखमाजी खिडकीजवळच्या खाटेवर होता. पन्नाशीचा, वाळका माणूस. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमधे. बायको पारूबाई उशाशी खाली बसली होती. एक हवालदार स्टुलावर कागद घेऊन बसला होता. आणि आमच्या आधीच खडकवाकीचे सरपंच आले होते, शहाळी घेऊन.

सरपंच बोलत होते, "पोरं आहेत, रखमाजी. चुकली. दवाखान्याचं सगळं गाव बघेल. पण जबाब दिलास तर सहा घरांचं वाटोळं होईल. आपल्यात मोठं काय म्हटलंय? अहिंसा परमो धर्म. क्षमा कर अन् मोकळा हो." त्यांनी हेरंबला पाहिलं. "हे काय, महाराजच आले. महाराज, तुम्हीच सांगा त्याला."

मारताना ओळीचा पुढचा अर्धा आणि मार खाल्लेल्यासाठी पहिला अर्धा... आणि हे बोलणारा माणूस खोटारडा नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्या सहांतला एक त्याचा पुतण्या होता.

"म्हाराज, आणलं का?" रखमाजीनं विचारलं.

गुरुजींनी रुमाल सोडला. पान काढून खाटेवर त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं.

"मला वाचाया येत न्हाई," रखमाजी म्हणाला. "बोट ठेवा."

गुरुजींनी मजकुरावर बोट ठेवलं. "ही पोथी. यात ती ओळ नाही." मग बोट समासात नेलं. "ती इथं आहे. ही मी लिहिलीय. हा माझा शिष्य. यानं ही माझ्याकडून उचलली, खडकवाकीत सांगितली."

रखमाजी पानाकडे बघत राहिला. त्याला अक्षरं कळत नव्हती, पण दोन शाया वेगळ्या आहेत एवढं पितळ-तांब्याची पारख करणाऱ्याला कळलं असावं. त्यानं समासातल्या ओळीवर डाव्या हाताचं बोट हळूच घासून पाहिलं.

"म्हंजे लिव्हलेलं न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"अन् ह्ये सरपंच म्हणत्यात ते? अहिंसेचं? तेबी तुमीच लिव्हलं का?"

"ते पोथीतलं आहे."

"पुरं हाय का ते? का त्याच्याबी फुडं काय हाय?"

हेरंबनं गुरुजींकडे पाहिलं. सरपंचांनीही.

"पुरं आहे," गुरुजी म्हणाले.

सरपंचांनी सुस्कारा सोडला. "ऐकलंस ना, रखमाजी?"

रखमाजीनं ऐकलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. पारूबाई पहिल्यांदाच बोलली, कोणाकडे न बघता. "हात ग्येला त्यांचा. आता चुलीत धर्म घालू का?"

"गप, पारू," रखमाजी म्हणाला. मग गुरुजींकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खरंच गोंधळला होता, अगदी आमच्याइतकाच. "म्या अडाणी माणूस, बाबा. मला नीट सांगा. पुरं आसंल तर मग म्या ह्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाई, आसंच ना? दिला तर त्या पोरांला धरून नेत्याल, डांबत्याल, एखाद्याला मारत्यालबी. त्येबी हिंसाच झाली की... अन् न्हाई दिला तर फुडच्या जत्रंला आनखी कुनाचा तरी हात मोडत्याल. मग ती हिंसा कुनी केली? म्याच ना?"



हेरंब पुढं झाला. "गुरुजी, सांगा त्याला," तो म्हणाला. "तिथं अट आहे म्हणालात. राजाचा दंड वेगळा, तेही तिथंच आहे. सांगा ना ते."

"महाराज, तुम्ही मधे पडू नका," सरपंच म्हणाले. "मोठ्यांनी सांगितलंय. पुरं आहे म्हणून."

हवालदारानं घड्याळाकडे पाहिलं. "काय लिहू मी? घ्यायचा आहे की नाही जबाब?"

रखमाजीनं डावा हात पांघरुणाबाहेर काढला. अंगठा पुढं केला, परत मागं घेतला. तो गुरुजींकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो.

गुरुजींनी पान फळ्यांमधे घातलं. रुमाल बांधला नाही. फळ्या तशाच उचलून हवालदाराच्या मांडीवरच्या कागदांशेजारी ठेवल्या.

"हे पुराव्याला लागेल," ते म्हणाले.

हवालदाराला कळेना. "कसल्या पुराव्याला?"

गुरुजी खाली, पारूबाईच्या बाजूला फरशीवर बसले. तिथून रखमाजीकडे मान वर करून पाहावं लागत होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "जबाबात माझं नाव घाल. हेरंबच्या आधी."